सीजीपीए घसरला आणि शिष्यवृत्ती धोक्यात आली: समितीला लिहायच्या पत्राबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरातल्या एका छोट्या ट्रस्टच्या शिष्यवृत्ती समितीसाठी मी विद्यार्थ्यांची पत्रे वाचते. हिवाळी परीक्षेचे निकाल लागले की जानेवारी-फेब्रुवारीत "मॅडम, सीजीपीए सातच्या खाली गेला, आता काय लिहू?" असे मेसेज सुरू होतात. त्यांतलेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवले आहे: मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, तिसऱ्या सेमिस्टरला गणितात बॅक, आणि शिष्यवृत्तीची अट ७.०० सीजीपीएची. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच.

मार्कशीट तर समितीकडे जातेच. मग वेगळे पत्र कशाला?

मार्कशीटवरून समितीला दिसते ते इतकेच, की तुम्ही अटीखाली आहात. खड्डा एका विषयाने पडला की सगळीच घसरण झाली, आणि तो किती दिवसांत भरेल, हे तिच्यावरून कळत नाही. ६.६५ सीजीपीए असलेले दोन विद्यार्थी अगदी वेगळ्या परिस्थितीत असू शकतात. एकाचे पाच विषय ठीक असतात आणि एकात शून्य असते. दुसऱ्याचे सगळेच विषय काठावर असतात. पहिल्याला एक उन्हाळी परीक्षा पुरते, दुसऱ्याला वर्ष-दीड वर्ष लागते. हा फरक आकड्यांत मांडणे हे पत्राचे खरे काम. बहुतेक पत्रांत तीन परिच्छेद कारणाचे आणि शेवटी "पुढे नक्की चांगले गुण मिळवीन" अशी एक ओळ असते. समितीला नेमकी त्या शेवटच्या ओळीची फोड हवी असते.

सरकारी स्कॉलरशिपसाठी असे पत्र चालते का?

बहुधा नाही. तिथे नूतनीकरणाची अट योजनेच्या नियमांतच लिहिलेली असते. केंद्राच्या सेंट्रल सेक्टर योजनेत पुढच्या वर्षीची रक्कम मिळायला किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. इन्स्पायरमध्ये ६० टक्के किंवा ६.० सीजीपीए टिकवावा लागतो. ४९ टक्के का पडले हे तिथे कितीही सुंदर लिहिले तरी अट हलत नाही. महाडीबीटीवरच्या योजनांनाही आधी त्या-त्या योजनेचा शासन निर्णय वाचा आणि कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलवर विचारा, कारण एटीकेटीसह पुढच्या वर्षात गेलेल्यांचे नियम योजनेनुसार बदलतात.

पत्राला वजन असते ते माणसे बसून निर्णय घेतात तिथे: खासगी ट्रस्ट, माजी विद्यार्थी संघ, कंपनीची सीएसआर शिष्यवृत्ती, कॉलेजची स्वतःची फी सवलत. पुढची सगळी उत्तरे याच प्रकारासाठी आहेत.

मला नक्की किती कमी पडले, हे कसे काढायचे?

सीजीपीएच्या दशांशांत विचार करू नका, ग्रेड पॉइंटच्या बेरजेत करा. यूजीसीच्या दहाच्या पट्टीवर ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि एफ शून्य. विषयाचे क्रेडिट गुणिले हा अंक, म्हणजे त्या विषयातून मिळालेले पॉइंट. व्हीएनआयटीसारख्या संस्थांत ग्रेडची अक्षरे वेगळी असतात, पण गुणाकार तोच.

आपल्या विद्यार्थ्याची तिसरी सेमिस्टर २० क्रेडिटची आहे. गणित ३ चे क्रेडिट ४ आणि ग्रेड एफ, म्हणजे पॉइंट शून्य. थर्मोडायनॅमिक्सला ४ क्रेडिट, बी, म्हणून २४. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सला ४ क्रेडिट, सी, म्हणून २०. मटेरियल सायन्सला ३ क्रेडिट, बी प्लस, म्हणून २१. मशीन ड्रॉइंगला ३ क्रेडिट, ए, म्हणून २४. वर्कशॉप प्रॅक्टिकलला २ क्रेडिट, ए प्लस, म्हणून १८. बेरीज १०७. भागिले २०, म्हणून एसजीपीए ५.३५.

पहिल्या सेमिस्टरला त्याचा एसजीपीए ७.४० होता, म्हणजे १४८ पॉइंट. दुसऱ्याला ७.२०, म्हणजे १४४. तिन्ही मिळून ६० क्रेडिटवर ३९९ पॉइंट झाले आणि सीजीपीए ६.६५ आला. सातच्या अटीला ६० क्रेडिटवर ४२० पॉइंट हवे होते. तूट २१ पॉइंटची.

आता हीच तूट उलटीकडून बघा. दर सेमिस्टरला सातच्या हिशेबाने १४० लागतात. पहिल्या दोन सेमिस्टरनी मिळून १२ पॉइंट शिल्लक टाकले होते आणि तिसरीने ३३ खाल्ले. एकट्या गणितात किमान बी आला असता तर २४ पॉइंट वाढले असते आणि सीजीपीए ७.०५ झाला असता. पत्रात लिहायचे वाक्य इथे सापडते: "माझी तूट २१ पॉइंटची आहे आणि ती मुख्यतः गणित ३ मधील बॅकमुळे आहे." हे वाक्य वाचल्यावर समिती पुढचे लक्ष देऊन वाचते.

एक खबरदारी. नापास विषय असला की काही मार्कशीटवर एसजीपीएची जागा रिकामी ठेवतात. अशा वेळी वरच्या रीतीने स्वतः आकडा काढा आणि "मी काढलेला" असे स्पष्ट लिहा. छापलेला नसलेला आकडा छापल्यासारखा देऊ नका.

पुढच्या सेमिस्टरला किती एसजीपीए पडला की मी सातवर येईन?

हवे असलेले एकूण पॉइंट वजा हातातले पॉइंट, भागिले पुढच्या सेमिस्टरचे क्रेडिट. चौथ्या सेमिस्टरअखेर एकूण ८० क्रेडिट होतील, म्हणून ५६० पॉइंट हवेत. हातात ३९९. उरले १६१. ते २० क्रेडिटमधून काढायचे तर एसजीपीए ८.०५ लागेल. ज्याचा आजवरचा सर्वांत चांगला आकडा ७.४० आहे त्याने ८.०५ चे वचन दिले तर समितीतला कोणीही मान हलवणार नाही.

पण यात बॅक निघाल्याचे पॉइंट धरलेलेच नाहीत. उन्हाळी परीक्षेत गणित ३ निघाले आणि नुसता पी मिळाला तरी १६ पॉइंट येतात. मग हातात ४१५ होतात, उरतात १४५, आणि लागणारा एसजीपीए ७.२५ वर उतरतो. पहिल्या सेमिस्टरला त्याने याहून जास्त मिळवले आहे, त्यामुळे हे वचन पेलणारे वाटते.

मी मुद्दाम पी धरला. बॅकच्या विषयाला पूर्ण ग्रेड द्यायची की वरची मर्यादा घालायची, हे प्रत्येक विद्यापीठ आणि स्वायत्त कॉलेज आपापल्या नियमांत ठरवते. परीक्षा विभागात विचारून घ्या, आणि खात्री नसेल तर पत्रात सर्वांत खालची पास ग्रेडच धरा. जास्त मिळाले तर कोणाची तक्रार नसते.

म्हणजे बॅक आधी की चालू सेमिस्टर आधी?

वरच्या उत्तरातला आकडा बघा: एका पेपरने ८.०५ चे ७.२५ केले. चालू विषयांत इतका फरक पाडायला चार क्रेडिटचे चार विषय एकेक ग्रेड वर न्यावे लागतील. म्हणून बॅक आधी.

अडचण वेळापत्रकाची आहे. विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी, त्यामुळे तिसऱ्या सेमिस्टरचा बॅक आणि चौथ्या सेमिस्टरचे पेपर एकाच उन्हाळ्यात येतात. बाहेर पारा पंचेचाळीसकडे चाललेला आणि आज थिअरी ऑफ मशीन्स, उद्या गणित ३, असेही होते. म्हणून बॅकचा अभ्यास मार्चअखेर संपवायचा आणि मे महिन्यात फक्त उजळणी करायची, असे पत्रात लिहिलेले चांगले. ज्यांच्या कॉलेजात निकालानंतर लगेच पुनर्परीक्षा होते त्यांचे काम सोपे, त्यांनी ती तारीख द्यावी.

प्लॅन ग्रेडमध्ये लिहू की मार्कांत?

दोन्हींत. समितीला ग्रेडवरून बेरीज जुळते का ते बघायचे असते आणि मार्कांवरून ते शक्य आहे का ते बघायचे असते.

चौथ्या सेमिस्टरचा त्याचा प्लॅन असा. थिअरी ऑफ मशीन्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स, दोन्ही ४ क्रेडिट, दोन्हींत बी प्लस: २८ आणि २८. मॅन्युफॅक्चरिंग प्रोसेस, ४ क्रेडिट, ए: ३२. संख्याशास्त्र, ३ क्रेडिट, बी: १८. मशीन ड्रॉइंगचा पुढचा भाग, ३ क्रेडिट, ए: २४. लॅब, २ क्रेडिट, ए प्लस: १८. एकूण १४८. लागतात १४५, म्हणजे तीन पॉइंट हाताशी राहतात आणि सीजीपीए ७.०४ होतो.

ग्रेड नेमून देताना त्याने गणिताच्या वाटेचा विषय मुद्दाम खाली ठेवला आणि ज्यात हात बसलेला आहे ते ड्रॉइंग वर ठेवले. समितीला असा प्लॅन पटतो. सगळीकडे ए लिहिलेला प्लॅन बघितला की मी मागच्या मार्कशीटा काढून बसते.

आता मार्क. समजा पेपर ७० चा, अंतर्गत ३०, आणि तुमच्याकडे ए ला ७० मार्क लागतात. मॅन्युफॅक्चरिंगमध्ये अंतर्गत २३ पडले तर पेपरात ४७ हवेत. अंतर्गत १७ च पडले तर ५३ हवेत. म्हणजे सेशनल, असाइनमेंट आणि हजेरीतले सहा मार्क गेले की ते मे महिन्यात पेपरातून वसूल करावे लागतात. ग्रेडच्या सीमा सगळीकडे सारख्या नसतात, तुमच्या मार्कशीटच्या मागचा तक्ता पाहा. पेपर आणि अंतर्गत यांत वेगवेगळे पास व्हावे लागते का, तेही बघा. अंतर्गत भरभक्कम असूनही पेपरात अडकलेली मुले दरवर्षी दिसतात.

कारण किती सविस्तर सांगू?

चार-पाच ओळी. त्यांत तारखा, कुठली परीक्षा चुकली ते, आणि सोबत काय कागद जोडला ते.

आपल्या विद्यार्थ्याला ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला, मेडिकलला भरती व्हावे लागले आणि दुसरी सेशनल बुडाली. पावसाळ्यानंतर नागपुरात ही गोष्ट नवी नाही, समितीला ती समजावून सांगावी लागत नाही. डिस्चार्ज कार्डाची प्रत पुरते. रक्ताचे सगळे रिपोर्ट आणि सलाइन लावलेला फोटो पाठवू नका.

पण समिती एक गोष्ट हटकून तपासते, आणि मुले नेमकी तीच विसरतात: आजाराआधीची पहिली सेशनल. सप्टेंबरात गणितात मार्क बरे असतील आणि घसरण ऑक्टोबरनंतरची असेल, तर कारण आणि परिणाम जुळले. पहिल्या सेशनललाच तुम्ही नापास असाल तर डेंग्यूने सगळे स्पष्ट होत नाही आणि तसे भासवले की विश्वास जातो. म्हणून पहिल्या सेशनलचे मार्क स्वतःहून द्या. आजाराने जेवढे बिघडले तेवढेच आजाराच्या खात्यावर टाका.

घरच्या कारणांनाही हेच लागू. काटोल-नरखेड भागातली मुले लिहितात की आंबिया बहाराची संत्री गळाली, मजूर लावायला पैसे नव्हते, तोडणीच्या दिवसांत घरी जावे लागले. हे खरे असते आणि हिवाळी परीक्षेच्या तोंडावरच येते. नुकसानीचा पंचनामा झाला असेल तर त्याची प्रत जोडा, नसेल तर हजेरीपत्रकातल्या त्या दिवसांच्या गैरहजेरीचा उल्लेख करा. घरातल्या आजारपणाचा किंवा भांडणाचा तपशील मात्र समितीला नको असतो. "वडिलांच्या शस्त्रक्रियेमुळे" इतके पुरे.

माझ्याकडे तसे कारणच नाही. अभ्यास झाला नाही, बस्स. काय लिहू?

तेच लिहा, पण नेमके. "दुर्लक्ष झाले" यातून काही कळत नाही. "तिसऱ्या सेमिस्टरला रोज अडीच तास प्रवासात जात होते आणि मी गणिताची प्रॅक्टिस परीक्षेच्या आधीच्या आठवड्यावर ढकलली" यातून कळते, आणि यावर उपायही लिहिता येतो: होस्टेल मिळाले, शिकवणीच्या वेळा बदलल्या, सोबत काम करत होतो ते सोडले. कारण साधे असेल तर प्लॅन जास्त घट्ट हवा, एवढाच फरक. खोटे मेडिकल सर्टिफिकेट जोडण्याचा सल्ला मित्र देतात. त्या तारखांना हजेरीपत्रकात तुमची सही असते.

एक पूर्ण पत्र दाखवाल का?

हे त्याच विद्यार्थ्याचे. एका पानात बसते आणि बसायलाच हवे.

> प्रति,
> मा. अध्यक्ष, शिष्यवृत्ती समिती
>
> विषय: तिसऱ्या सेमिस्टरमधील सीजीपीए तूट व ती भरून काढण्याचे नियोजन
>
> महोदय/महोदया,
>
> मी (नाव), मेकॅनिकल अभियांत्रिकी, द्वितीय वर्ष. आपल्या शिष्यवृत्तीची अट ७.०० सीजीपीएची आहे. हिवाळी परीक्षेनंतर माझा सीजीपीए ६.६५ झाला आहे. ६० क्रेडिटवर ४२० पॉइंट हवे होते, माझे ३९९ आहेत. २१ पॉइंटची ही तूट मुख्यतः गणित ३ (४ क्रेडिट) मध्ये मी अनुत्तीर्ण झाल्यामुळे आहे.
>
> ऑक्टोबरमध्ये डेंग्यूमुळे मी रुग्णालयात भरती होतो व दुसरी सेशनल देऊ शकलो नाही. डिस्चार्ज कार्ड सोबत आहे. पहिल्या सेशनलमध्ये गणितात मला ३० पैकी १८ गुण होते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समधील सी ग्रेड मात्र आजारामुळे नाही. त्या विषयात मी आधीपासून मागे होतो.
>
> उन्हाळी परीक्षेत मी गणित ३ पुन्हा देत आहे. त्यात किमान उत्तीर्ण ग्रेड मिळाली तरी १६ पॉइंट मिळतील. त्यानंतर ७.०० वर येण्यासाठी चौथ्या सेमिस्टरमध्ये १४५ पॉइंट, म्हणजे ७.२५ एसजीपीए लागेल. माझे विषयवार नियोजन १४८ पॉइंटचे आहे, तक्ता मागे जोडला आहे. चार क्रेडिटच्या एखाद्या विषयात एक ग्रेड कमी पडल्यास सीजीपीए ६.९९ राहील, याची मला जाणीव आहे. म्हणून गणित ३ मध्ये पी ऐवजी सी मिळवण्याचा माझा प्रयत्न आहे, ज्याने आणखी ४ पॉइंट मिळतील.
>
> गणित ३ साठी मी आठवड्यातून तीन दिवस विभागातील सरांकडे सराव करतो. पाच युनिटपैकी दोन पूर्ण झाले आहेत, उरलेले मार्चअखेर होतील. दोन्ही सेशनलचे गुण मी विभागप्रमुखांच्या सहीने आपल्याला पाठवीन.
>
> विनंती आहे की पुढील वर्षाचा निर्णय उन्हाळी निकाल लागेपर्यंत राखून ठेवावा.
>
> आपला/आपली विश्वासू,
> (सही, दिनांक, नोंदणी क्रमांक)

यातले दोन भाग बघण्यासारखे आहेत. एक, त्याने ६.९९ ची शक्यता स्वतः लिहिली. समितीतले कोणीतरी ती काढणारच होते. दोन, त्याने दया मागितली नाही, निर्णय पुढे ढकलायला सांगितले, आणि तोवर बघायला सेशनलचे मार्क दिले. अशी मागणी मान्य करणे समितीला सोपे जाते.

पत्र मराठीत चालेल का? ईमेल करू की नेऊन देऊ?

समिती ज्या भाषेत पत्रव्यवहार करते तीत लिहा. ईमेल केले तर एकच पीडीएफ करा: पत्र, तक्ता, मार्कशीट, पुरावा, याच क्रमाने. हाताने दिले तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मी रिव्हॅलला टाकले आहे. निकाल येईपर्यंत थांबू का?

थांबू नका. रिव्हॅलचा निकाल कधी लागेल याचा भरवसा नसतो आणि समितीची तारीख निघून जाते. पत्र आताच्या आकड्यांवर लिहा आणि एक ओळ जोडा: "गणित ३ च्या पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज केला आहे, पावती सोबत आहे. गुण बदलल्यास सुधारित तक्ता पाठवीन." प्लॅन मात्र रिव्हॅलमध्ये काही वाढणार नाही असे धरूनच करा, आणि बॅकचा परीक्षा अर्जही भरून ठेवा. रिव्हॅलच्या आशेवर अर्जाची तारीख चुकली तर वरचे सगळे गणित एका परीक्षेने मागे जाते.

अट टक्केवारीत आहे आणि माझ्याकडे सीजीपीए आहे. दहाने गुणू का?

स्वतःच्या मनाने नाही. काही ठिकाणी सरळ दहाने गुणतात. एआयसीटीईच्या तक्त्यात मात्र ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.२५ म्हणजे ६५ टक्के आहेत. म्हणजे ६.७५ एका रीतीने ६७.५ टक्के होतात आणि दुसऱ्या रीतीने ६०. अट ६५ टक्क्यांची असेल तर एका हिशेबाने तुम्ही पात्र आणि दुसऱ्याने बाद. तुमच्या विद्यापीठाचे किंवा कॉलेजचे रूपांतराचे सूत्र विचारा आणि परीक्षा विभागाचे प्रमाणपत्र जोडा. कधी कधी असेही निघते की तूट नव्हतीच. समितीने चुकीच्या सूत्राने गुणले होते. मग हे सगळे पत्र न लिहिता दोन ओळींत काम होते.

मी हिशेब केला, पण लागणारा एसजीपीए दहाच्या वर येतो. आता?

मग एका सेमिस्टरचे वचन देऊच नका. समजा पाच सेमिस्टरनंतर सीजीपीए ५.९० आहे आणि क्रेडिट दर वेळी सारखे. सहाव्या सेमिस्टरअखेर सात गाठायला १२.५ एसजीपीए लागेल, जो अस्तित्वातच नाही. आठव्या सेमिस्टरपर्यंत ताणले तरी उरलेल्या तिन्हींत ८.८३ लागतो. हेही बहुतेकांना जमणारे नाही.

अशा वेळी मागणी बदला. सीजीपीएऐवजी पुढच्या एका सेमिस्टरचा एसजीपीए ७ ही अट धरावी, तोवर अर्धी रक्कम द्यावी, किंवा रक्कम थांबवून नाव यादीत ठेवावे, यांपैकी एक मागा. कोणतीही समिती हे देईलच असे नाही, काहींच्या नियमावलीत तशी सोयच नसते. पण अशक्य आकडा लिहिलेल्या पत्राला नकार ठरलेलाच असतो. जुने बॅक शिल्लक असतील तर आधी ते धरून हिशेब पुन्हा करा. वर ८.०५ चे ७.२५ झाले तसे इथेही चित्र बरेच पालटू शकते.

मी डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलो. माझा हिशेब वेगळा का येतो?

कारण तुमच्याकडे पहिल्या दोन सेमिस्टरची शिल्लक नाही. अनेक ठिकाणी डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांचा सीजीपीए तिसऱ्या सेमिस्टरपासूनच मोजतात. हीच मार्कशीट तुमची असती तर सीजीपीए थेट ५.३५ दिसला असता. बॅक पी ने निघाल्यावर पॉइंट १२३ झाले असते आणि चौथ्या सेमिस्टरअखेर ४० क्रेडिटवर २८० गाठायला १५७, म्हणजे ७.८५ एसजीपीए लागला असता. खड्डा खोल दिसतो, पण क्रेडिट कमी असल्याने प्रत्येक चांगली ग्रेड सीजीपीएला जास्त वर उचलते. पत्रात पहिल्याच परिच्छेदात लिहा की तुमचा सीजीपीए एकाच सेमिस्टरचा आहे, नाहीतर समिती तो तीन सेमिस्टरचा समजते. डिप्लोमाची शेवटची मार्कशीटही जोडा. तिची बेरीज सीजीपीएत होत नाही, पण ही घसरण सवयीची नाही हे त्यावरून दिसते.

प्लॅन दिला, पण पहिल्या सेशनललाच मार्क कमी पडले. समितीला कळवू का?

कळवा, आणि तक्ता दुरुस्त करूनच कळवा. मॅन्युफॅक्चरिंगमध्ये अंतर्गत २३ ठरवले होते आणि १९ वर अडकणार असे दिसत असेल, तर पेपरात आता ५१ लागतात. ते जमणार नसेल तर तिथे बी प्लस धरा. चार पॉइंट गेले, प्लॅन १४४ वर आला, एक पॉइंट कमी पडतो. तो कुठून काढणार ते लिहा: संख्याशास्त्रात बी चे बी प्लस झाले तर तीन मिळतात, गणित ३ मध्ये पी चे सी झाले तर चार. दोन्हींपैकी ज्याची तयारी जास्त झाली आहे ते निवडा आणि त्या विषयाचे सेशनलचे मार्क सोबत पाठवा. हे चार ओळींचे ईमेल असते. ते न आल्यावर समितीला हे सगळे ऑगस्टमध्ये निकालातून कळते, तेव्हा पुढच्या वर्षाची रक्कम बहुधा वाटून झालेली असते.